चौकोन मोजून काढलेले क्षेत्र हेक्टरमध्ये चुकते तेव्हा: उत्तराच्या पटीवरून कारण कसे शोधावे

टोपोशीटवर पाणलोटाची हद्द आखली, वर पारदर्शक आलेख कागद ठेवून चौकोन मोजले, मोजणी दुसऱ्याकडूनही ताडून घेतली, आणि तरीही हेक्टरमध्ये आलेला आकडा जागेवरच्या परिस्थितीशी जुळत नाही, ही अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. अशा वेळी बहुतेक जण चौकोन पुन्हा मोजायला बसतात. त्यातून सहसा काही निष्पन्न होत नाही, कारण मोजणीतल्या चुकीने उत्तर फार तर काही टक्क्यांनी हलते; ते दुप्पट, दहापट किंवा पाचशेपट होत असेल, तर दोष चौकोनांत नसून चौकोनांचे हेक्टर करण्याच्या पायरीत असतो. ही दुसऱ्या प्रकारची चूक शोधण्याचा सरळ मार्ग असा की, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराच्या किती पट आहे ते आधी पाहावे. प्रत्येक चुकीची पट ठरलेली असते आणि त्या पटीवरून कारण ओळखता येते.

यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. एका ओढ्यावर पाझर तलाव घालायचा आहे आणि बांधाच्या जागेच्या वरचे पाणलोट क्षेत्र काढायचे आहे. हाताशी भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट आहे. समोच्च रेषा पाहत डोंगरधारेवरून जलविभाजक रेषा आखली, ती ट्रेसिंग पेपरवर उतरवली आणि तो कागद मिलिमीटरच्या आलेख कागदावर ठेवला. हद्दीच्या आत पूर्ण बसणारे एक सेंटिमीटरचे मोठे चौकोन ५ निघाले. उरलेल्या भागात, म्हणजे हद्दीने कापलेल्या मोठ्या चौकोनांत, पूर्ण आत असलेले मिलिमीटरचे लहान चौकोन ८८६ निघाले. रेषेने प्रत्यक्ष कापलेले लहान चौकोन २१२ होते; त्यांपैकी निम्म्याहून अधिक भाग आत असलेले १०९ चौकोन धरले आणि बाकीचे सोडले. एकूण ५०० + ८८६ + १०९ = १,४९५ चौ. मिमी, म्हणजे १४.९५ चौ. सेंमी.

मोजणी विश्वसनीय आहे की नाही, याची एक झटपट चाचणी येथेच करून घ्यावी. कापलेले सगळे चौकोन सरासरीने अर्धे आत आहेत असे मानले, तर २१२ चे निम्मे १०६ होतात आणि बेरीज १,४९२ येते. दोन्ही पद्धतींत फरक केवळ ३ चौ. मिमीचा आहे, तेव्हा मोजणीवर संशय घेण्याचे कारण नाही. याहून कडक तपासणी हवी असेल, तर ट्रेसिंग पेपर थोडा फिरवून व सरकवून पुन्हा मोजावे. हद्द तीच, पण तिने कापलेले चौकोन वेगळे असतात, त्यामुळे पहिल्या मोजणीतली चूक जशीच्या तशी दुसऱ्यांदा होत नाही. दोन मोजण्यांत दोन टक्क्यांहून अधिक फरक पडला, तर तिसरी मोजणी करावी आणि जी दोन उत्तरे जवळची असतील त्यांची सरासरी घ्यावी.

आता रूपांतर. १:५०,००० या अंकप्रमाणाचा अर्थ असा की, कागदावरचे १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंमी, अर्थात ५०० मीटर. हे प्रमाण लांबीचे आहे. कागदावर एक सेंमी लांब आणि एक सेंमी रुंद असलेला चौकोन जमिनीवर ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद असतो. लांबीही वाढली आणि रुंदीही वाढली, म्हणून प्रमाण दोनदा लागू होते. ५०० × ५०० = २,५०,००० चौ. मी. आणि १०,००० चौ. मीटरचा एक हेक्टर, म्हणून त्या टोपोशीटवरचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर जमिनीवर २५ हेक्टर असतो. आपल्या उदाहरणात १४.९५ × २५ = ३७३.७५, म्हणजे सुमारे ३७४ हेक्टर.

माझा आग्रह असा की, हा गुणक नकाशा हाती घेतल्यावर सर्वांत आधी काढावा आणि ट्रेसिंग पेपरच्या कोपऱ्यात ठळकपणे लिहून ठेवावा: "१ चौ. सेंमी = २५ हेक्टर". चौकोन मोजून थकल्यावर, बेरजेच्या शेवटी, घाईत प्रमाण लावायला गेले की नेमका वर्ग विसरतो. गुणक आधीच लिहिलेला असेल, तर शेवटी एकच गुणाकार उरतो. १:२५,००० च्या नकाशावर हाच गुणक ६.२५ हेक्टर येतो आणि १:१०,००० वर बरोबर १ हेक्टर. प्रमाणाचा छेद निम्मा झाला की गुणक चौथाई होतो, एवढे लक्षात ठेवले तरी वर्ग लावला आहे की नाही हे पडताळता येते.

उत्तराची पट काय सांगते

सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक पहिल्यांदा घेऊ. टोपोशीटवर शब्दप्रमाण पाहिले, १ सेंमीला अर्धा किलोमीटर असे मनात धरले आणि १४.९५ ला ०.५ ने गुणले, उत्तर ७.४७५ चौ. किमी, म्हणजे ७४७.५ हेक्टर. हे बरोबर उत्तराच्या अचूक दुप्पट आहे. घातक अशासाठी की, हा आकडा पाहून कोणालाच शंका येत नाही. साडेसात चौरस किलोमीटरचे पाणलोट असू शकते. पण क्षेत्र दुप्पट धरले की येणारे पाणीही दुप्पट धरले जाते, तलावाची साठवण त्या हिशेबाने ठरते, सांडव्याची लांबी गरजेपेक्षा अधिक येते, आणि बांधून झाल्यावर तलाव चांगल्या पावसातही भरत नाही. तेव्हा कारण पावसात, गळतीत, गाळात शोधले जाते. ते अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावरच्या एका गुणाकारात असू शकते, हे मात्र सहसा तपासले जात नाही.

येथे एक बारकावा आहे. दुप्पट ही पट फक्त १:५०,००० साठी आहे. हीच चूक १:२५,००० च्या नकाशावर केली, म्हणजे ०.०६२५ ऐवजी ०.२५ ने गुणले, तर उत्तर चौपट येते. १:१०,००० वर ०.०१ ऐवजी ०.१ ने गुणले, तर दहापट. म्हणजे १ सेंमीला जितके किलोमीटर, त्याने एकाला भागल्यावर जी संख्या येते, तितक्या पटीने उत्तर फुगते. आपली पट या संख्येशी जुळली, तर किलोमीटरमध्ये वर्ग करायचे राहून गेले आहे, हे निश्चित समजावे.

हीच चूक मीटरमध्ये केली, तर उत्तर फुगत नाही, उलट आक्रसते. १४.९५ × ५०० = ७,४७५ चौ. मी., म्हणजे पाऊण हेक्टरही नाही. बरोबर उत्तर याच्या ५०० पट आहे. अंकप्रमाणाने थेट गुणले, तर १४.९५ × ५०,००० = ७,४७,५०० चौ. सेंमी, म्हणजे अवघे ७४.७५ चौ. मी. निघतात, एखाद्या घराएवढे; येथे पट ५०,००० ची आहे. या दोन्ही चुका लगेच डोळ्यांत भरतात, म्हणून त्यांच्यामुळे नुकसान क्वचितच होते. पण एक धोका आहे. उत्तर फारच लहान दिसले की काही जण "दशांश चिन्ह चुकले असेल" असे समजून शून्ये वाढवत जातात आणि पटण्याजोगा आकडा मिळाला की थांबतात. ७,४७५ चौ. मीटरच्या ०.७४७५ हेक्टरला हजाराने गुणले की ७४७.५ होतात, म्हणजे फिरून त्याच दुपटीच्या चुकीवर येऊन पोहोचतो. पट ५०० ची असताना दहाच्या पटीतली दुरुस्ती कधीच बरोबर उत्तर देणार नाही.

दहापट चूक दिसली आणि नकाशा १:१०,००० चा नसेल, तर एककांकडे पाहावे. एका चौरस सेंटिमीटरमध्ये १०० चौरस मिलिमीटर असतात. १,४९५ ला १०० ऐवजी १० ने भागले, तर १४९.५ चौ. सेंमी आणि पुढे ३,७३७.५ हेक्टर येतात. त्याचप्रमाणे एका चौरस किलोमीटरचे १०० हेक्टर होतात; तेथे १० किंवा १,००० धरले गेले, तरी हीच दहाची पट कोणत्या तरी दिशेला दिसते. मुळात हीदेखील वर्ग विसरण्याचीच चूक आहे, फक्त ती नकाशाच्या प्रमाणात न होता एककाच्या रूपांतरात झालेली असते.

संगणकावर तक्ता करून काम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक चूक आढळते, आणि तिची पट पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. A2 मध्ये मोजलेले चौ. सेंमी आणि B2 मध्ये प्रमाणाचा छेद ५०००० असेल, तर सूत्र असे हवे:

```
=A2*(B2/100)^2/10000
```

येथे B2 ला १०० ने भागल्यावर १ सेंमीचे मीटर मिळतात, त्यांचा वर्ग होतो आणि शेवटी हेक्टर होतात. कंस चुकून असा पडला की:

```
=(A2*B2/100)^2/10000
```

मग मोजलेल्या क्षेत्राचाही वर्ग होतो. ते क्षेत्र आधीच चौरस एककात आहे. त्याचा पुन्हा वर्ग करण्याला काही अर्थ नाही. उदाहरणात याचे उत्तर सुमारे ५,५८८ हेक्टर येते, जे बरोबर उत्तराच्या १४.९५ पट आहे. पट जर आपण मोजलेल्या चौरस सेंटिमीटरच्या आकड्याएवढीच निघाली, तर कंस पाहावा. वर्ग प्रमाणाचा करायचा असतो, क्षेत्राचा नाही.

फरक दुपटीहून कमी असेल तर

आतापर्यंतच्या चुका ठोक होत्या. याहून चिवट तक्रार अशी असते की, वर्ग लावला, एकके तपासली, आणि तरी उत्तर आठ-दहा टक्क्यांनी कमी येते. अशा वेळी आपण ज्या कागदावर मोजले तो मूळ नकाशा आहे की त्याची प्रत, हे विचारावे. झेरॉक्स काढताना किंवा पीडीएफ छापताना मुद्रणाच्या खिडकीत `Actual size` ऐवजी `Fit` निवडलेले असेल, तर नकाशा किंचित लहान होतो. त्यावर छापलेले "१:५०,०००" हे अंकप्रमाण मात्र तसेच राहते आणि ते आता खोटे असते. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच लहान होते, म्हणून ते खरे राहते. प्रतीवर काम करताना अंकप्रमाणावर कधीही विसंबू नये, रेषाप्रमाण मोजावे.

१:५०,००० च्या मूळ नकाशावर रेषाप्रमाणातले ५ किमी बरोबर १० सेंमी भरायला हवेत. समजा, प्रतीवर ते ९.६ सेंमी भरले. म्हणजे आता १ सेंमीला ०.५ नव्हे, तर ५ ÷ ९.६ = ०.५२०८ किमी आहेत. याचा वर्ग ०.२७१३ चौ. किमी, म्हणून गुणक २५ चा २७.१३ हेक्टर झाला. तेच पाणलोट या प्रतीवर मोजले, तर १४.९५ ऐवजी सुमारे १३.७८ चौ. सेंमी भरेल. जुन्या गुणकाने ३४४.५ हेक्टर येतील आणि नव्या गुणकाने ३७३.८. लांबीत फक्त ४ टक्के घट होती. क्षेत्रात ती जवळजवळ ८ टक्के झाली, कारण घटीचाही वर्ग झाला. पट्टीने रेषाप्रमाण मोजायला अर्धे मिनिट लागते, आणि ते न मोजल्यामुळे तीस हेक्टर जागा कागदावरून नाहीशी होते.

रेषाप्रमाण आडव्या दिशेलाच छापलेले असते, आणि येथे वर्ग या संकल्पनेचे खरे स्वरूप समजून घ्यावे लागते. आपण करतो तो गुणाकार आडव्या दिशेचे प्रमाण गुणिले उभ्या दिशेचे प्रमाण असा असतो. दोन्ही समान असतात म्हणून आपण त्याला वर्ग म्हणतो. जुना नकाशा दमट हवेत एका दिशेला अधिक ताणला गेला असेल किंवा यंत्रातून प्रत काढताना कागद एका दिशेला ओढला गेला असेल, तर दोन प्रमाणे वेगळी होतात. उभ्या दिशेच्या तपासणीसाठी अक्षवृत्ते उपयोगी पडतात. पुण्याच्या आसपासच्या अक्षांशावर अक्षवृत्ताची ५ मिनिटे म्हणजे जमिनीवर सुमारे ९.२२ किमी, तेव्हा १:५०,००० च्या शीटवर हे अंतर सुमारे १८.४ सेंमी भरायला हवे. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून त्याच अक्षांशावर रेखावृत्ताची ५ मिनिटे थोडी कमी, सुमारे ८.८ किमी, म्हणजे १७.६ सेंमी असतात. दोन्ही अंतरे मोजून प्रत्येक दिशेचे स्वतंत्र प्रमाण काढावे आणि गुणकासाठी त्या दोहोंचा गुणाकार घ्यावा. मूळ छापील शीट चांगल्या स्थितीत असेल, तर या खटाटोपाची गरज पडत नाही.

बरोबर उत्तर आपल्या उत्तराच्या सुमारे १.६ पट असेल, तर हातातला नकाशा जुन्या इंचाच्या मालिकेतला आहे का, ते पाहावे. पूर्वीच्या टोपोशीट १ इंचाला १ मैल, म्हणजे १:६३,३६० प्रमाणाच्या असत. त्यांवर १ चौ. सेंमी म्हणजे २५ नव्हे, तर सुमारे ४०.१ हेक्टर. दोन्ही मालिकांच्या शीट दिसायला सारख्या वाटतात, आणि सवयीने २५ चाच गुणक लावला जातो.

गावनकाशावरची वेगळी अडचण

गावनकाशावरून गटाचे क्षेत्र काढताना तत्त्व तेच असले, तरी एकके बदलतात आणि साखळीचा घोळ होतो. मुंबई इलाख्यातल्या जुन्या जमीन मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे १,०८९ चौ. फूट, अर्थात एक गुंठा. इंग्लंडातली गुंटरची साखळी मात्र ६६ फुटांची असते, आणि सर्वेक्षणाच्या पुस्तकांत तीही शिकवतात. समजा, नकाशावर १ इंचाला २० साखळ्या असे प्रमाण आहे. ३३ फुटांच्या साखळीने १ इंच म्हणजे ६६० फूट, प्रमाण १:७,९२०, आणि १ चौ. इंच म्हणजे ४,३५,६०० चौ. फूट, बरोबर १० एकर. येथे ६६ फुटांची साखळी धरली, तर १ इंच १,३२० फुटांचा होतो आणि १ चौ. इंचाचे ४० एकर होतात. साखळीत दुपटीचा फरक, क्षेत्रात चौपटीचा. गटाचे क्षेत्र सातबाऱ्यावरच्या आकड्याच्या चौपट किंवा चौथाई आले, की पहिला संशय साखळीवर घ्यावा.

अशा नकाशासाठी इंचाचा दहावा भाग बाजू असलेला आलेख कागद घेतला, तर काम सोपे होते. प्रत्येक लहान चौकोन ४ गुंठ्यांचा येतो. एखाद्या गटात असे २७ चौकोन भरले, तर १०८ गुंठे, म्हणजे २ एकर २८ गुंठे, हेक्टरमध्ये सुमारे १ हेक्टर ९ आर. इंचाऐवजी सेंटिमीटरचा आलेख कागद वापरला, तर १ चौ. सेंमीला ०.६२७ हेक्टर हा गुणक लागतो; दोन्हींची सरमिसळ झाली, तर उत्तर ६.४५ पट चुकते, कारण एका चौरस इंचात तितके चौरस सेंटिमीटर असतात.

२७ चौकोनांच्या मोजणीत एक चौकोन इकडेतिकडे झाला, तरी ४ गुंठ्यांचा फरक पडतो, जवळजवळ चार टक्के. त्यामुळे लहान गटांसाठी ही पद्धत केवळ ढोबळ पडताळणीची आहे. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून होणाऱ्या मोजणीला चौकोन मोजणे हा पर्याय होऊ शकत नाही, आणि नकाशावरून काढलेला आकडा सातबाऱ्यावरच्या आकड्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडू नये.

पाणलोटाच्या उदाहरणातही उत्तर किती अंकांपर्यंत लिहावे, याला मर्यादा आहे. हद्दीची रेषा पाव मिलिमीटर जाडीची असेल आणि तिची लांबी १६५ मिमी असेल, तर त्या रेषेखालीच सुमारे ४१ चौ. मिमी जागा झाकली जाते, म्हणजे १० हेक्टरांच्या आसपास. मोजताना रेषेची बाहेरची कड धरली की आतली, एवढ्यावर उत्तर ३६९ ते ३७९ च्या दरम्यान हलू शकते. मोजणी रेषेच्या मध्यावरून करावी आणि अहवालात ३७३.७५ न लिहिता "सुमारे ३७५ हेक्टर" असे लिहावे. शिवाय हे क्षेत्र आडव्या प्रतलावरचे आहे. डोंगरउताराचा प्रत्यक्ष पृष्ठभाग त्याहून थोडा अधिक भरतो. पण पाऊस आडव्या क्षेत्रावरच मोजला जातो आणि जमिनीच्या दप्तरातही आडवेच क्षेत्र लिहिलेले असते, म्हणून उतारासाठी वेगळी वाढ धरू नये. जागेवर उतारालगत टेप धरून मोजलेले अंतर घेऊन नकाशावरचे क्षेत्र "दुरुस्त" करणारे काही जण असतात; त्यांच्या उत्तरात चार-पाच टक्क्यांची जी वाढ दिसते, ती पुष्कळदा येथून आलेली असते.